सलग सहा मॅच हरल्यावर मी वही उघडतो: ई-फुटबॉलचा माझा अनुभव

आमच्याकडचे पोट्टे मोबाईलवर ई-फुटबॉल खेळतात आणि हरण्याची रांग लागली की सगळ्यांचं निदान एकच असतं : "दादा, गेमनंच हरवलं." मला ते चुकीचं वाटतं असं नाही, अपुरं वाटतं. एका संध्याकाळी लागोपाठ आलेल्या सहा हारींना एकच कारण क्वचित असतं. बहुतेक वेळा तीन कारणं एकामागून एक आलेली असतात आणि तिघांवरचा उपाय वेगळा असतो. ती वेगळी करता आली की चिडचिड निम्मी उतरते, कारण मग राग कशावर काढायचा ते कळतं.

आधी थोडं गणित. दोन बरोबरीचे खेळाडू असतील आणि बरोबरीत सुटलेले सामने बाजूला ठेवले, तर प्रत्येक मॅच हरण्याची शक्यता निम्मी. अशा ५० मॅचमध्ये कुठेतरी सलग पाच हारी येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच निघते. ऑनलाइन खेळाडूंना पातळीनुसार वाटणाऱ्या डिव्हिजनची रचना तर मुद्दाम तुमच्या तोडीचा माणूस समोर आणण्यासाठीच असते. त्यात फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, म्हणून दहा शॉट मारून ०-१ हरणं इथे नेहमीचंच. म्हणजे खेळ जराही बिघडलेला नसताना महिन्या-दोन महिन्यांत एखादी रांग लागणारच. तीन हारींपर्यंत मी कारण शोधतच नाही. चौथीनंतर मात्र, दर मॅचनंतर लिहिलेली वही उघडतो.

वहीत पाच रकाने आहेत : मॅच सुरू झाल्याची वेळ, स्कोअर, मागच्या मॅचनंतर किती मिनिटांनी खेळायला बसलो, खाल्लेला प्रत्येक गोल कुठून आला, आणि पास दाबल्यावर उशिरा गेला का. मॅच संपल्यावर लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. गोल कुठून आला हे आठवणीवर सोडायचं नाही. गोल झाल्यावर रिप्ले दिसतो तो राग असला तरी पूर्ण बघायचा, स्क्रीन दाबून पुढे ढकलायचा नाही. नंतर आठवून लिहिलं की प्रत्येक गोल नशिबानेच झालेला वाटतो.

एक पान इथे उलगडतो. ७:५० ची मॅच २-१ जिंकलेली. मग ८:०५ ला ०-१ आणि ८:२० ला १-२ अशा दोन हारी. नंतर लाइन गेली म्हणून थोडी सुट्टी. ८:५५ ला १-३, ९:१० ला ०-२, ९:२२ ला १-३, ९:३३ ला ०-४. सात मॅच, एक विजय, आणि सहा हारींत खाल्लेले गोल १५. सलग बघितलं तर हे निव्वळ वाटोळं दिसतं. रकान्यांनी बघितलं की तीन तुकडे पडतात.

पहिला तुकडा ८:०५ आणि ८:२० चा. शेवटच्या रकान्यात दोन्हीकडे "हो" आहे आणि तीनपैकी दोन गोल असे की सेंटर बॅककडून पास दाबला, तो अर्ध्या क्षणाने गेला आणि तेवढ्यात समोरच्याने चेंडू काढला. हे नेटवर्क. खेड्यात आठच्या सुमारास वावरातून सगळे घरी आलेले असतात, जेवणं होऊन हातात मोबाईल, आणि टॉवर एकच. स्पीड टेस्ट केली तर आकडा चांगला दिसू शकतो, पण मॅचला स्पीड फार लागतच नाही. लागतो तो सारखेपणा. दर वेळी ६० मिलिसेकंद लागत असतील तर हात त्या उशिराला सरावतो. कधी ४५ आणि कधी ४०० लागले तर कोणताच सराव कामाचा नाही. हे मोजायला अँड्रॉइडवर टर्मक्स नावाच्या, कमांड लिहायच्या अ‍ॅपमध्ये एवढंच लिहितो :

```
ping -c 50 8.8.8.8
```

साधारण पन्नास सेकंदांनी शेवटची ओळ येते. त्या दिवशीची ही :

```
rtt min/avg/max/mdev = 41.2/63.8/412.5/58.1 ms
```

सरासरी ६३.८ बघून समाधान मानू नका. बघायचा तो शेवटचा आकडा, म्हणजे उशीर किती वर-खाली होतो ते. माझ्या अनुभवात तो १५ च्या आत असला की मॅच नीट चालते, आणि ३० च्या वर गेला की मी डिव्हिजनची मॅच लावत नाही, संगणकाविरुद्ध खेळतो. या मोजमापाची मर्यादाही लक्षात ठेवा. ते फक्त आपल्या बाजूचं आहे, समोरच्याचं नेटवर्क खराब असेल तरी मॅच अडखळते. त्यासाठी जोडी लागल्यावर दिसणाऱ्या कनेक्शनच्या कांड्या बघायच्या आणि कमी दिसल्या तर तिथेच मागे फिरायचं.

आपल्या बाजूला करण्यासारखं थोडंच आहे, पण त्याचा उपयोग होतो. फोन ५जी आणि ४जी यांच्यात उड्या मारत असेल तर सेटिंगमध्ये ४जीवर पक्का करायचा. फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट बंद. घरातल्या दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर खेळायचं नाही. टिनाच्या छताखाली सिग्नल मरतो, म्हणून अंगणात किंवा गच्चीवर बसायचं. गावठाणाची लाइन बराच वेळ गेलेली असेल तर टॉवर बॅटरीवर असू शकतो, तेव्हा दोन कांड्या दिसल्या तरी आधी पिंग बघायचं. आणि सरळ वेळच बदलायची : रात्री दहानंतर किंवा पहाटे. पहाटे साडेपाचला तोच फोन, तीच गच्ची, आणि शेवटचा आकडा एक अंकी येतो.

उन्हाळ्यात याच्यासारखंच दिसणारं दुसरं दुखणं असतं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसर मंद करतो. चित्र अडखळतं आणि आपण नेटवर्कला शिव्या घालतो. ओळखायची खूण सोपी : संगणकाविरुद्धच्या मॅचमध्येही अडखळत असेल तर उष्णता. पहिल्या मॅचला ठीक आणि तिसऱ्यापासून जड होत गेलं तरीही उष्णताच. कव्हर काढायचं, चार्जिंगला लावून खेळायचं नाही, पंख्याखाली बसायचं. कूलरच्या तोंडासमोर फोन धरणारे खूप बघतो. ती हवा ओलसर असते, चार्जिंगच्या फटीत ओल जाते, म्हणून बाजूला बसा. फ्रीजमध्ये तर कधीच ठेवू नका.

दुसरा तुकडा, ८:५५ आणि ९:१० चा, मला सगळ्यात मोलाचा वाटतो. इथे पास वेळेवर जात होते, तरी पाच गोल खाल्ले, आणि त्यातले चार आमच्या राइट बॅकच्या मागच्या मोकळ्या जागेतून आले. दोन वेगवेगळे विरोधक, गोल मात्र एकाच साच्याचे : चेंडू गमावला, समोरच्याने त्याच्या डाव्या बाजूने लांब थ्रू पास टाकला, आमचा सेंटर बॅक बाहेर खेचला गेला, मध्ये स्ट्रायकर एकटा. याला नशीब म्हणता येत नाही. कारण टीमच्या पानावरच लिहिलेलं होतं. राइट बॅकची खेळण्याची शैली ऑफेन्सिव्ह फुल बॅक. हा खेळाडू आपल्याकडे चेंडू असताना स्वतःहून वर जातो आणि चेंडू गेला की परत यायला त्याला वेळ लागतो. क्विक काउंटर, म्हणजे चेंडू मिळताच झटक्यात हल्ला, खेळणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

उपाय गेम प्लॅनमध्ये आहे. इंडिव्हिज्युअल इन्स्ट्रक्शन्समध्ये हल्ल्याच्या दोन जागांपैकी एक त्या राइट बॅकला द्यायची आणि डिफेन्सिव्ह निवडायचं. तो वर जाणं कमी करतो. तरी भोक राहिलं तर बचावाच्या दोनपैकी एका जागेत डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला डीप लाइन द्यायची, तो सेंटर बॅकच्या ओळीत उतरतो. किंमत मोजावी लागते : उजवीकडून क्रॉस कमी होतात आणि मधल्या फळीत एक माणूस कमी पडतो. म्हणून दोन्ही बदल एकदम करू नका. एक करा, पाच मॅच खेळा, चौथा रकाना बघा. फॉर्मेशन, टीमची शैली आणि तीन खेळाडू एकाच रात्री बदलले की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. रांग लांबते ती बरेचदा याच घाईने.

हातानेही सुधारायचं आहे. विंगवर माणूस धावत आला की सेंटर बॅक हातात घेऊन प्रेशर दाबून धरायचं, ही सवय मोडावी लागते. प्रेशरने खेळाडू सरळ चेंडूकडे धावतो आणि मागची जागा उघडी पाडतो. त्याऐवजी मिडफिल्डर निवडून मॅच-अप धरायचं, पासच्या वाटेत उभं राहायचं आणि समोरच्याचा स्पर्श लांब गेला तेव्हाच पाय टाकायचा. संगणकाविरुद्ध दहा मिनिटं फक्त एवढंच करून बघा.

उरलेल्या दोन मॅच, ९:२२ आणि ९:३३. तिसरा रकाना बघा : मागची मॅच संपल्यावर एकेक मिनिटसुद्धा गेलेलं नाही. सात गोल खाल्ले आणि त्यातले चार आधीचा गोल खाल्ल्यावर लगेच, किक-ऑफनंतरच्या पहिल्या चेंडूवर. हा राग. किक-ऑफ घेतला की बरोबरी करायच्या घाईत पहिलाच पास थ्रू, तो अडतो, आपली माणसं वर निघालेली असतात आणि मागे कोणी नसतं. "दोन मिनिटांत दोन गोल, गेम ठरवूनच हरवतो" ही तक्रार मी ज्या ज्या वेळी रिप्लेवर तपासली, त्यातल्या बहुतेक वेळा पहिला पास आमचाच चुकलेला निघाला.

म्हणून गोल खाल्ल्यावरचा नियम शरीराला लावून घेतलाय : किक-ऑफ, चेंडू मागे, आणि डॅश न दाबता पाच साधे पास. मोठ्याने मोजायचे. पाच पूर्ण होईपर्यंत थ्रू आणि शूट या बटणांना अंगठा लावायचा नाही. तेवढ्यात समोरचाही सावरलेला असतो, पण आपली रचना जागेवर आलेली असते.

आणि थांबण्याचा नियम : सलग दोन हारी झाल्या की पंधरा मिनिटं फोन घरात ठेवून बाहेर. तिसरी झाली की त्या दिवशी डिव्हिजन बंद. हा नियम मॅचच्या आधी ठरवायचा, कारण हरल्यावर "फक्त एक" हेच सुचतं. त्या रात्री कॉइन घेऊन नवा खेळाडू काढायचाही नाही. राइट बॅकच्या मागे भोक आहे तोवर महागडा स्ट्रायकर आणूनही गोल तिथूनच होणार.

त्या पानानंतर मी टीममध्ये एकच बदल केला, राइट बॅकला डिफेन्सिव्ह, आणि मॅच पहाटे लावल्या. पुढच्या पाचांत तीन जिंकल्या, दोन हरल्या. त्या बाजूने एक गोल आला, आणि आता डावीकडून दोन आलेत. लेफ्ट बॅकची शैली बघायची राहिली आहे.