रिपोर्टात बी-१२ भरपूर, पायात मुंग्या

साठीला आलेल्या बाई, जन्मापासून शाकाहारी. जुना मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. तळपायांना मुंग्या येत होत्या आणि सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जायचा. फाइलवर आधीच ‘डायबेटिक न्यूरोपॅथी’ लिहिलेलं, सोबत मुंग्यांच्या गोळ्या आणि बी-१२ चा ताजा रिपोर्ट: २००० पिकोग्रॅमच्या वर. म्हणजे बी-१२ चा प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

मला बेसिनची गोष्ट खटकली. पाय कुठे आहेत हे डोळे न वापरता कळवणारे धागे मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातात आणि बी-१२ कमी पडलं की बहुधा तेच आधी बिघडतात. ट्यूनिंग फोर्कची थरथर बाईंना घोट्यापाशी कळत नव्हती. छोट्या हातोडीने ठोकल्यावर येणारे घोट्याचे झटके नव्हते, गुडघ्याचे मात्र जोरात, आणि तळव्याच्या कडेने किल्ली ओढली तर अंगठा वर. मधुमेहाने नसा बिघडतात तेव्हा झटके मंदावतात, अंगठा वर जात नाही. तो वर गेला की बिघाड मज्जारज्जूत शोधायचा. मानेचा एमआरआय काढला, मणक्याचा दाब नव्हता.

मग रिपोर्टाचं काय? विचारल्यावर कळलं की रक्त देण्याच्या आदल्या दिवशी जवळच्या दवाखान्यात ‘ताकदीचं लाल इंजेक्शन’ घेतलं होतं. तो लाल रंग बी-१२ चाच. इंजेक्शननंतरचा आकडा फक्त इंजेक्शन दिलं गेलं एवढंच सांगतो. आधी टोचायचं आणि मग तपासायला पाठवायचं, ही आपल्याकडची पद्धत कधी सुटणार कोण जाणे. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन साचतं, म्हणून ते तपासलं: ४१ आलं. साधारण १५ पर्यंत चालतं. फोलिक ॲसिड कमी असेल किंवा मूत्रपिंड बिघडलं असेल तरी ते वाढतं. पण क्रिएटिनिन ठीक होतं, आणि अशक्तपणासाठी लोह-फोलिकच्या गोळ्या त्या कित्येक महिने घेत होत्या. त्याच गोळ्यांनी हिमोग्लोबिन १२ वर आणून ठेवलं होतं. फोलिक ॲसिड रक्त सुधारतं, नसांना हात लावत नाही, त्यामुळे ॲनिमियाची घंटा वाजलीच नाही.

घरच्यांचा आक्षेप होता, ‘डॉक्टर, आमच्याकडे दूध-दुभतं भरपूर असतं.’ म्हणून हिशोब मांडला. बी-१२ फक्त जीवाणू तयार करतात. डाळी, भाज्या, फळं यांत ते नसतंच. शाकाहाऱ्याला उरतं ते दूध: १०० मिलिलिटरला जेमतेम ०.४ मायक्रोग्रॅम. बाईंचं दूध म्हणजे दोन कप चहातलं मिळून १०० मिलिलिटर, तेही पुन्हा पुन्हा उकळलेलं, आणि उकळण्यात बराच भाग जातो. त्यावर पातळ ताक, ज्यात दही थोडं आणि पाणीच जास्त. तूप रोज, पण तुपात बी-१२ नसतं. सगळं मिळून अर्धा मायक्रोग्रॅम धरला, तर गरज दोन ते अडीचची. यकृतातला साठा अशी तूट काही वर्षं भरून काढतो, म्हणून त्रास उशिरा येतो. त्यात मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या शेवटी होणारं शोषण कमी करतं. मुलाने आणलेली स्पिरुलिनाही बाद: तिच्यात बहुतांश बी-१२ सारखा दिसणारा, पण माणसाला निरुपयोगी पदार्थ असतो.

नसांचा त्रास असल्यामुळे १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन दिवसाआड दोन आठवडे, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. मुंग्या थांबल्यावर कोर्स सोडणारे सर्वाधिक, म्हणून पुढची सोय आधीच सांगितली: रोज १००० मायक्रोग्रॅमची साधी गोळी, कायमची. एवढा मोठा डोस का, तर पोटातून बी-१२ पोचवणारं प्रथिन एका वेळी दोनेक मायक्रोग्रॅमच उचलतं. बाकीच्यातलं शेकडा एक आपोआप झिरपतं, म्हणजे हजारातलं दहा. मल्टीव्हिटॅमिनमधल्या एका मायक्रोग्रॅमने तूट भरून निघत नाही. आहारातून घ्यायचं तर रोज अर्धा लिटरहून जास्त दूध-दही, किंवा लेबलवर बी-१२ चं प्रमाण छापलेले फोर्टिफाइड पदार्थ. फोर्टिफाइड तांदळात मात्र किलोला सुमारे एकच मायक्रोग्रॅम असतं.

सहा महिन्यांनी तोल सुधारला, थरथर घोट्यापाशी कळू लागली. बोटांचा बधिरपणा राहिला. तो मधुमेहाचा की बी-१२ उशिरा मिळाल्याचा, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्याच स्वयंपाकघरात जेवणारी सून तेव्हा गरोदर होती आणि फक्त लोह-फोलिक घेत होती. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश जणींचं बी-१२ कमी आढळलं होतं. आईचं कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते मिळत नाही. तिचं रक्त मी काही टोचण्याआधी घेतलं: १३८. २०० च्या खाली कमतरता धरतात. तिला गोळी त्याच दिवशी सुरू झाली.