इंजिन बंद, उंची तीन हजार फूट : कराडच्या आकाशातला माझा अनुभव

कराडला विमान शिकताना ज्या धड्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, तो म्हणजे फोर्स्ड लँडिंग. सर न सांगता थ्रॉटल मागं ओढतात आणि म्हणतात, "इंजिन गेलं. आता?"

आमचं विमान सेसना १७२. त्याचा लिफ्ट-टू-ड्रॅग रेशो, उचल आणि हवेचा अडथळा यांचं गुणोत्तर, साधारण ९. म्हणजे वारा नसेल तर एक फूट खाली येताना ते नऊ फूट पुढं जातं, पण हे ६५ नॉटलाच. त्यापेक्षा वेगात गेलं की हवेचा थेट अडथळा वाढतो. हळू गेलं की पंखाला जास्त कोनात हवा कापावी लागते आणि उचल पैदा करण्यापायी होणारा ड्रॅग वाढतो. ६५ ला दोन्ही सारखे असतात आणि त्यांची बेरीज सगळ्यात कमी.

त्या दिवशी आम्ही कृष्णा ओलांडून सदाशिवगडाच्या बाजूला होतो, ४९०० फुटांवर. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट, म्हणजे हाताशी तीन हजार फूट. धावपट्टी साडेसात किलोमीटर पश्चिमेला. सरांनी थ्रॉटल ओढला तेव्हा वेग शंभराच्या आसपास होता. नाक लगेच खाली घालायचं नाही. उंची धरून ठेवायची, वेग आपोआप उतरतो. तो ६५ ला आला की नाक खाली घेऊन ट्रिम लावायचा, म्हणजे हात मोकळा होतो.

"कुठं उतरणार?" सरांनी विचारलं.

तीन हजार गुणिले नऊ म्हणजे सत्तावीस हजार फूट, सव्वाआठ किलोमीटर. धावपट्टी गाठेल असं वाटत होतं. पण पश्चिमेचा वारा १५ नॉट, अगदी समोरून. ६५ मधले जमिनीवर ५० च उरतात आणि सव्वाआठचे सव्वासहा होतात. शिवाय धावपट्टीला वळून लागायला उंची हवी, ती वेगळीच. "धावपट्टी नाही सर, शेत," मी म्हणालो. सरांनी नुसती मान हलवली.

कराडच्या आसपास शेत निवडणं सोपं नाही. वरून सपाट गालिच्यासारखा दिसणारा हिरवा पट्टा म्हणजे माणसापेक्षा उंच ऊस असतो. ऊस तुटून गेलेलं रान बरं, पण सऱ्यांना आडवं नाही, सऱ्यांच्या दिशेनं उतरायचं आणि शक्यतो वाऱ्याला तोंड करून. मोटारींच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांबांची रांग शोधायची. नदीच्या अलीकडे तसं एक लांब रान सापडलं.

मग इंजिन का गेलं ते शोधणं. कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरला गरम हवा, आधी, कारण इंजिन थंड पडत गेलं की कार्बुरेटरमधला बर्फ वितळवायला उष्णताच उरत नाही. पेट्रोलचा सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, मिक्श्चर रिच, मॅग्नेटो बोथवर, प्रायमर आत घालून लॉक. मेडे कॉल आणि ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड, हे सरावात नुसतं तोंडानं म्हणायचं.

खरी परीक्षा यानंतर. रान लांब वाटायला लागतं आणि हात नकळत योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, मागं ओढतो. यात फसवतं ते खाली येण्याचा दर दाखवणारं घड्याळ. ६५ ला ते मिनिटाला ७३० फूट दाखवतं, ५० ला ६४० च्या आसपास. वाटतं, वा, आपण जास्त टिकतोय! टिकतो खरं, तीन हजार फुटांवरून चाराऐवजी पावणेपाच मिनिटं. पण वेगच कमी, त्यामुळं पोचतो सव्वासात किलोमीटर, म्हणजे किलोमीटरभर अलीकडेच. शिवाय स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचल तुटण्याच्या, जवळ. समोरचा वारा असेल तर उलट थोडा वेग वाढवावा लागतो. माझ्या मते हे आकडे जमिनीवर बसून कागदावर मांडल्याशिवाय हात ऐकत नाही.

पोचतोय की नाही हे काचेवरून कळतं. वेग स्थिर असताना रानाची अलीकडची कड काचेवर वर सरकत गेली तर आपण कमी पडतोय, खाली सरकली तर पुढं जातोय, जागच्या जागी राहिली तर तिथंच टेकणार. पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, फ्लॅप्स, मात्र रान नक्की गाठतोय अशी खात्री झाल्यावरच. त्यांनी ड्रॅग वाढतो, ग्लाइड तुटतो. मुद्दाम थोडं उंच राहायचं, जास्तीची उंची फ्लॅप्सनं खाता येते, कमी पडलेली कुठून आणणार?

उतरताना सर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडायला लावतात, इंजिन फार थंड पडू नये म्हणून. पाचशे फुटांवर ते "गो अराउंड" म्हणाले. कार्ब हीट बंद, पूर्ण पॉवर, आणि आम्ही वर.

परतताना मी विचारलं, एकटा उडताना विमान हलकं असतं, मग जास्त लांब जाईल का? "अंतर तेवढंच," सर म्हणाले, "वेग कमी धर. ६५ पूर्ण वजनाला आहे, तू एकटा असशील तेव्हा साठच्या आसपास." वजन कमी झालं तरी रेशो नऊच राहतो, फक्त तो कमी वेगाला मिळतो.