लिंब फाट्याकडचं परीक्षा केंद्र आणि १ मेची रंगीत तालीम

नीटच्या शहराच्या चिठ्ठीवर 'सातारा' असं वाचून दहिवडीत सगळ्यांना हायसं वाटलं. सातारा म्हणजे एसटी स्टँड, पोवई नाका, फार तर राजवाडा, हाकेच्या अंतरावरच की! पण त्या चिठ्ठीवर फक्त शहर असतं. केंद्राचा पत्ता प्रवेशपत्रावर येतो, आणि २०२५ सालच्या परीक्षेचं प्रवेशपत्र निघालं ३० एप्रिलला. परीक्षा रविवारी, ४ मेला. भाचीच्या कार्डावरचं केंद्र साताऱ्यात नव्हतंच. पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून, वाढे फाटा आणि लिंब फाटा यांच्या दरम्यान कुठेतरी होतं. पोवई नाक्यावरून तिथे चालत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

केंद्र आधी बघून यावं हे सगळेच सांगतात. कोणत्या दिवशी आणि किती वाजता, ते मात्र कुणी सांगत नाही. खरं तर परीक्षा ज्या वारी, त्याच वारी जावं, कारण एसटीच्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठीच्या फेऱ्या रविवारी बऱ्याचदा नसतात आणि गावाकडची गाडी एकदम विरळ होते. पण बुधवारी कार्ड आणि रविवारी पेपर, म्हणजे मध्ये रविवार येतच नाही. आम्हाला वाचवलं महाराष्ट्र दिनानं. १ मे, गुरुवार, सुट्टी. सुट्टीच्या दिवशी एसटीचं चित्र रविवारच्या बरंच जवळ जातं. अशी सुट्टी मिळाली नाही तर शनिवारी जावं आणि दहिवडी आगारात चौकशीच्या खिडकीवर एवढंच विचारावं, "यातल्या कुठल्या गाड्या रविवारी नाहीत?" नुसतं "सातारा गाडी कितीला?" असं विचारलं की खिडकीतून आजचंच उत्तर येतं.

त्या खिडकीवर आणखी एक गोष्ट विचारायची, फेरी रद्द तर होणार नाही ना. लग्नसराईत एसटीच्या गाड्या प्रासंगिक करारावर वऱ्हाडाला जातात आणि ठरलेली फेरी ऐन वेळी रद्द होते. आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया झालेली, त्यामुळे आमच्या वाटेवरही कोरेगावच्या पुढे मंगल कार्यालयांसमोर गाड्या तिरक्या लावलेल्या होत्या. मुहूर्त बाराच्या पुढचा असला की साडेअकरा ते एक या वेळात अशा रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. केंद्राचं फाटक नेमकं त्याच सुमारास गाठायचं असतं.

आता घड्याळ. पेपर दोनला असतो म्हणून घरातले सगळे दोनपासून मागे मोजायला लागतात. मोजायचं ते दीडपासून. नीटचं फाटक दीडला बंद होतं आणि त्यानंतर आत घेत नाहीत. कार्डावर तुमची हजर राहायची वेळ छापलेली असते, ती त्याहून बरीच आधीची असते. भाचीचं गणित असं होतं, "मामा, सव्वानऊची गाडी धरली तरी अकरा-वीसला सातारा. दोनला पेपर. भरपूर वेळ आहे."

आम्ही सकाळी ७.४० ची गाडी धरली. पुसेगाव, कोरेगाव, माहुलीचा कृष्णेवरचा पूल, आणि ९.४५ ला सातारा स्टँड. पुढची गाडी शोधताना पहिला धडा मिळाला. फलाटावर पुण्याच्या गाड्या एकामागून एक लागत होत्या, पण विनाथांबा गाडी फाट्यावर थांबत नाही. कंडक्टरला विनवून चढलात तर तो तिकीट पुण्याचं देईल आणि उतरवेल भलत्याच ठिकाणी. आपल्याला हवी वाईकडे जाणारी साधी गाडी. ती १०.२० ला मिळाली, म्हणजे पस्तीस मिनिटं उभं राहण्यात गेली. फाट्यावर १०.५० ला उतरलो.

आणि इथे, सगळ्या प्रवासातल्या शेवटच्या दीड किलोमीटरनं आमचा घाम काढला. साताऱ्याकडून पुण्याच्या दिशेनं जाणारी गाडी महामार्गाच्या डाव्या सेवारस्त्यावर सोडते. केंद्र उजव्या अंगाला. मध्ये दुभाजक आणि सुसाट वाहनं. पोरं दुभाजकावरून उड्या मारून जातात, ते करू नये. बोगदा थोडा मागे आहे, तिथून वळसा घालायचा. मोबाईलच्या नकाशाची खूण तर संस्थेच्या गावातल्या कार्यालयावर होती, कारण एकाच नावाची शाळा, कॉलेज आणि कार्यालय वेगवेगळ्या ठिकाणी असतात. कार्डावरचा पिनकोड आणि गावाचं नाव वाचून आम्ही योग्य ठिकाणी पोचलो. नुसतं संस्थेचं नाव सांगून रिक्षा केली असती तर रिक्षावाल्यानं सरळ गावात नेलं असतं, आणि त्याची काही चूक नसती.

फाटकाशी ११.१५ ला पोचलो, तर मोठ्या फाटकाला कुलूप. सकाळी झेंडावंदन उरकून सगळे घरी गेलेले. आत एक वॉचमन काका होते. तालमीच्या दिवशी प्राचार्यांपेक्षा वॉचमन जास्त कामाचा, हे माझं पक्कं मत झालंय. ते म्हणाले, "परीक्षेला ह्या गेटानं न्हाई सोडत. मागच्या अंगानं या, त्या चिंचेपास्नं." मागचं फाटक म्हणजे आणखी सात-आठ मिनिटं चालणं, तेही कच्च्या वाटेनं. मे महिन्याच्या उन्हात, हवाई चप्पल घालून. नीटला बूट चालत नाहीत, म्हणून चप्पल. रविवारी हे कळलं असतं तर मुलगी आत जाईपर्यंत अर्धी झाली असती.

परत येताना बसमध्ये कागदावर हिशेब मांडला. त्यात एकच कसोटी लावली, प्रत्येक टप्प्यावर एक गाडी चुकली तर काय? वाईकडच्या साध्या गाड्या त्या दिवशी १०.२०, ११.०५, ११.५० आणि १२.४० ला सुटल्या. फाट्यापर्यंत अर्धा तास आणि पायी पंचवीस मिनिटं धरली. दहिवडीहून ७.४० ची गाडी चुकून ८.३० ची मिळाली, तर साताऱ्यात १०.३५. तिथे ११.०५ चीही चुकली, तर ११.५० ची धरून फाटकावर १२.४५. दोन गाड्या चुकूनही पाऊण तास हातात. आता भाचीची सव्वानऊची गाडी बघा. ती ११.२० ला साताऱ्यात, ११.५० ची साधी गाडी, फाटकावर १२.४५. कागदावर ठीक दिसतं. पण साताऱ्यात एकच गाडी चुकली तर १२.४० ची, फाट्यावर १.१०, आणि फाटकाशी १.३५. फाटक पाच मिनिटांपूर्वीच बंद. त्यात मागच्या फाटकाचा वळसा अजून धरलेलाच नाही. भाची गप्प बसली आणि स्वतःच म्हणाली, "सात-चाळीस."

यात पस्तीस मिनिटांची वाट बघणं टाळायचं असेल तर स्टँडवरून रिक्षा. फाट्यापर्यंतचं भाडं रिक्षावाला परतीच्या रिकाम्या फेरीसकट धरतो, तेव्हा एकट्यानं ते महाग पडतं. स्टँडवर परीक्षेच्या दिवशी हातात पारदर्शक बाटली आणि कार्ड घेतलेली मुलं सहज ओळखू येतात. एकाच केंद्राची तिघं मिळाली की रिक्षा परवडते. रेल्वेनं येणाऱ्यांनी मात्र जपावं, सातारा स्टेशन गावात नाही. ते माहुलीकडे, स्टँडपासून काही किलोमीटरवर आहे, आणि तिथून गावात यायला पुन्हा रिक्षाच लागते.

उरला सोबत आलेल्या माणसाचा प्रश्न. ताई येणार होती, आणि मुलगी पावणेबाराला आत गेली तरी पाचपर्यंत बाहेर येणार नाही. म्हणजे सव्वापाच तास. यातले दोन भाग वेगळे समजावेत. फाटक बंद होईपर्यंत आईनं हाकेच्या अंतरातून हलू नये. लांब बाह्या, कानातले, विसरलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो, ओळखपत्राची मूळ प्रत घरी राहणं, असल्या कारणांनी मुलाला माघारी पाठवतात ते याच वेळात. आणि त्याच्याकडे मोबाईल नसतो. केंद्रावर सामान ठेवायची सोय नसते, पिशवी आणि फोन आईच्याच हातात. परीक्षा केंद्राभोवती शंभर मीटरच्या आत अनेकदा जमावबंदी लावतात आणि झेरॉक्सची दुकानं बंद ठेवतात, त्यामुळे 'तिथे झेरॉक्स काढू' हा विचार सोडावा आणि जादा प्रत व फोटो पिशवीत टाकावेत.

दीडनंतर आई मोकळी. इथे सावलीचं म्हणाल तर चिंचेखाली जागा पुरेना, फाट्यावरचा थांबा पत्र्याचा आणि तव्यासारखा तापलेला. ढाब्यावर बसू देतात, पण चहा संपला की वेटर दर वीस मिनिटांनी टेबल पुसायला येतो, त्याचं काय ते समजून घ्यावं. सगळ्यात बरा पडला गावातल्या मंदिराचा सभामंडप. दगडी फरशी, वारा, पाण्याचा नळ. पुजाऱ्याला आधी विचारून ठेवलं, "रविवारी दुपारी कुलूप नसतं ना?" बायकांसाठी स्वच्छतागृहाचा प्रश्न सगळ्यात अवघड. मंदिराजवळ नव्हतं, महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर होतं. ती पायपीट धरून ताईनं पाणी किती प्यायचं ते ठरवलं, हे ऐकून मला शरम वाटली, पण खरं तेच.

आणि मोह सांगतो. लिंबची बारामोटेची विहीर तिथून फार लांब नाही. अठराव्या शतकातलं बांधकाम, आत उतरलं की मे महिन्यातही गारवा. मी ताईला म्हटलंही, दीडनंतर जाऊन ये. ती म्हणाली, "तुझ्या विहिरीत बसून मला पेपर दिसणार हाय का?" आणि ती मंदिरातच बसली.

पाचला सगळे एकदम बाहेर पडतात, आणि मुलांकडे फोन नसतो. आम्ही भेटायची जागा पक्की केली, मागच्या फाटकापासून दुसरा विजेचा खांब, ज्यावर निळी पट्टी होती. 'फाटकाजवळ' असं ठरवलं तर पोलीस गर्दी हलवतात आणि दोघं एकमेकांना शोधत बसतात. वळीव आला तर खांबाऐवजी मंदिर, हेही आधीच ठरवलं. साताऱ्याकडे परतायला फाट्यावर उलटी बाजू, म्हणजे या वेळी रस्ता ओलांडायचा नाही. साताऱ्यात पोचायला साडेसहा धरले. दहिवडीची शेवटची गाडी कितीला, ते आम्ही स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला विचारून कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, आणि मग आठवलं की ते कार्ड परीक्षेच्या वेळी आत जाणार आहे. ताईनं ते खोडून आपल्या तळहातावर लिहून घेतलं.