तंटामुक्ती समितीत मिटलेला रस्ता परत अडला – माझा अनुभव

आमच्या शेताचा रस्ता चुलत्यांच्या बांधावरनं जातो, वडिलांच्या आधीपासनं. जूनमध्ये त्यांनी तिथं काट्या टाकल्या. मी लगेच गावच्या तंटामुक्ती समितीत अर्ज दिला आणि खरं सांगतो, दोन संध्याकाळीत मिटलं. ग्रामपंचायतीत बसलो, अध्यक्ष आप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं, दहा फूट रस्ता सोडायचा ठरला, स्टॅम्पवर तडजोडनामा झाला, सह्या झाल्या, खर्च म्हणाल तर स्टॅम्प आणि चहा.

ऑक्टोबरमध्ये ज्वारीच्या पेरणीला गेलो तर रस्ता नांगरलेला. आजोबांनी टाकलेली खडी तासात वर आलेली दिसत होती. कागद घेऊन आप्पांकडं गेलो, ते म्हणाले पुढच्या मीटिंगला बोलावतो. मीटिंगला चुलते आलेच नाहीत. परत तारीख, परत नाहीत. दीड महिना असा गेला, इकडं ऊस तोडीला आलेला. शेवटी आप्पाच म्हणाले, "बाळा, मी समजावू शकतो, पोरं घेऊन रस्ता उघडू शकत नाही." तेव्हा कळलं की समिती २००७ च्या मोहिमेतली आहे, शासन निर्णयावर चालते, कोर्ट नाही. स्टॅम्प लावला म्हणून तो कागद हुकूम होत नाही. हे मला जूनमध्येच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, राग अजून गेलेला नाही.

तहसीलला मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. क्लार्कनं पहिलाच प्रश्न विचारला, अडवल्याची तारीख? जूनपासून मोजलं तर माझे दोनच आठवडे उरले होते. समितीच्या तारखा चालू होत्या म्हणून मुदत थांबत नाही, हे लक्षात ठेवा, समितीत जा पण कॅलेंडर बघत जा.

तिथं वकिलाचे १५ हजार गेले, नोटीस, स्थळपाहणी, पंचनामा, चार महिने. ऊस डोक्यावरनं काढून दुसऱ्याच्या शेतातनं ट्रॉली भरली. पण मंडळ अधिकारी टेप घेऊन बांधावर उभे राहिले तसे चुलते बोलायला तयार झाले. मग आप्पांनीच परत बसवलं, तीच दहा फुटांची तडजोड झाली, फक्त यावेळी दोघांच्या सहीनं ती तहसीलदारांपुढं दाखल केली आणि तसा आदेश घेतला. आता कुणी नांगरलं तर तहसीलला आदेश दाखवून बंदोबस्तात उघडून घेता येतो.

आणि हो, ज्यांची केस आधीच दिवाणी कोर्टात आहे त्यांनी गावात मिटलं तरी ते लोकअदालतीत नोंदवून घ्या. तो निवाडा डिक्रीसारखा चालतो, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी पण परत मिळते. आणि पहिल्याच दिवशी काट्यांचे, नांगरटीचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, माझ्याकडं जूनचा एकच होता, पंचनाम्याला तोच लागला.