दोनचा पेपर सकाळीच झाला होता

बीएस्सी दुसऱ्या वर्षाला लातूरला शिकतो. सोयाबीन काढायला गावी गेलो आणि सोमवारी दुपारी दीडला कॉलेजात आलो, तर व्हरांड्यात चिटपाखरू नाही. शिपाईमामा म्हणाले, "सकाळी धालाच झाला की पेपर. वेळ बदलली होती." केमिस्ट्रीची वीस मार्कांची इंटर्नल गेली.

रूमवरचा मित्र म्हणाला, "दवाखान्याचं सर्टिफिकेट आणून दे की, काय व्हायलंय?" खोटं बोलायचा धीर झाला नाही. पण अर्जात लिहिलं ते तरी कुठं खरं होतं? 'शेतात रेंज नसल्यामुळे सूचना मिळाली नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.'

सरांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर नेला. "रेंज नव्हती? मग रविवारी मळणीच्या हडंब्याजवळचा फोटो स्टेटसला कसा पडला?"

मी गप्प. बदललेलं वेळापत्रक शनिवारीच ग्रुपवर आलं होतं. जुन्याचा फोटो मोबाईलात होता, म्हणून मी ते उघडलंच नव्हतं.

सरांनी अर्ज परत दिला. म्हणाले, इंटर्नल विभागाच्या हातात आहे म्हणून बोलता तरी येतं. विद्यापीठाचा पेपर असता तर गैरहजर लागला असता आणि पुढच्या सत्रात फॉर्म भरून बसावं लागलं असतं. "दयेचं लिहू नको. मला पुढं सही करून पाठवता येईल असं लिही."

दुसरा अर्ज विभागप्रमुखांच्या नावे, विषयशिक्षकांमार्फत लिहिला. वर्ग, रोल नंबर, विषय, चाचणीची तारीख, गुण सुरुवातीलाच. मग एवढंच: 'सुधारित वेळापत्रक ग्रुपवर आलेले असूनही मी ते पाहिले नाही. चूक माझी आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. गुण ऑनलाइन भरण्याच्या शेवटच्या तारखेपूर्वी आपण ठरवाल त्या दिवशी व वेळी चाचणी देण्यास तयार आहे.' ती शेवटची तारीख ऑफिसात जाऊन विचारली होती. ती गेली की विभागाची इच्छा असूनही उपयोग नसतो. सर्टिफिकेट जोडलं नाही, कारण आजारी नव्हतोच.

दोन प्रती काढल्या. एक दिली, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. हे शहाणपण ऑफिसातल्या ताईंचं: "पोच घे रे बाबा, कागद हरवला की तूच सापडतूस."

विभागप्रमुखांनी 'एकदाच, नवीन प्रश्नपत्रिका' असा शेरा मारला. गुरुवारी स्टाफरूमच्या कोपऱ्यात एकट्याने पेपर दिला. आधीच्या पेपरातला एकही प्रश्न आला नाही. मित्रांना विचारून ते पाठ करण्यात बुधवारची रात्र वाया गेली ती वेगळीच.

वेळ सकाळी अकराची होती. मी सव्वानऊलाच जाऊन बसलो होतो.