भाजणी गार होईपर्यंत थांबणारा कुरिअर: आमची वाटचाल आणि २ फेब्रुवारीपासूनचा बदल

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६ पासून आमच्या पिशव्या तुमच्याकडे स्पीड पोस्टाने येतील. गेली आठ वर्षं ज्या खाजगी कुरिअरने त्या येत होत्या, त्यांच्याकडून शेवटचा माल शनिवारी ३१ जानेवारीला जाईल. त्या दिवसापर्यंत निघालेल्या पार्सलांचा माग जुन्याच लिंकवर दिसेल. ती लिंक तुमच्या मेसेजमध्ये आहे, ती पुसू नका.

हा बदल का करावा लागला, ते जरा सविस्तर सांगते. बरेच जण आमच्याकडून वर्षानुवर्षं भाजणी नेताय, तेव्हा तुम्हाला ते कळायलाच हवं.

वाईत २०१४ साली सासूबाईंच्या भाजणीपासून सुरुवात झाली. तेव्हा कुरिअर नव्हतंच. पुण्याच्या गिऱ्हाइकांची पिशवी एसटीच्या पार्सलात टाकायची, पावतीचा फोटो पाठवायचा आणि त्यांनी स्वारगेटला जाऊन सोडवून घ्यायची. गिऱ्हाइकं वाढली तसं ते जमेना, म्हणून २०१७ च्या शेवटी कुरिअर लावला. त्यांचा मुलगा रोज दुपारी एक वाजता दारात यायचा. एकची वेळ आम्ही घातलेली नव्हती, त्याच्या फेरीत आमची गल्ली पहिली लागायची म्हणून ती होती. पण आमचं सगळं काम त्या एक वाजण्याभोवती बांधलं गेलं.

आमच्या कामाचं वेळापत्रक असं असतं. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत आलेल्या ऑर्डरी मोजायच्या. सकाळी सहाला भाजायला बसायचं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा डाळ, उडीद, मूग, शेवटी धणे आणि जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा. एकत्र भाजलं तर जिरं करपतं आणि हरभरा डाळ आत कच्ची राहते. गिरणीवाले काका साडेदहाला आमचं दळण घेतात, अकराच्या सुमाराला पीठ घरी येतं. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते सुती कापडावर पातळ पसरलं तरी डब्यात भरण्याजोगं गार व्हायला तीन तास सहज लागतात. आणि आम्हाला एक वाजता पिशव्या तयार हव्या असायच्या. पंखा लावून, हात फिरवून, ‘झालं की गार’ म्हणत आम्ही भरत होतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरच्या एका काकूंचा फोन आला. अर्ध्या किलोच्या पिशवीत गुठळ्या, वर कोंदट वास. त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, काळजीने सांगितलं, त्यामुळे अजूनच वाईट वाटलं. मी पैसे परत केले आणि आमच्याकडचा नमुना काढला. प्रत्येक घाण्यातली थोडी भाजणी आम्ही पिशवीत भरून महिनाभर ठेवतो. त्याच घाण्याचं पीठ, तीच पिशवी, तेच सील, आणि नमुना मात्र भुरभुरीत, खमंग. दोन दिवस काही उलगडा होईना. मग सूनबाईच म्हणाली, “आई, नमुना आपण संध्याकाळी भरतो, एकची घाई उरकल्यावर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम एकाच पिठाच्या दोन पिशव्या भरल्या. एक साडेबाराला, हाताला कोमट लागत असताना. दुसरी चार वाजता. पहिलीच्या आत, सीलच्या खाली, तासाभरात बारीक दव दिसायला लागलं. कोमट पिठातली वाफ बंद पिशवीत अडकते, गार प्लास्टिकला लागून तिचं पाणी होतं आणि ते परत पिठात जातं. चौथ्या दिवशी ती उघडली तेव्हा वरच्या बोटभर थरात गुठळ्या होत्या. पुण्याला एका दिवसात पोचणाऱ्या पिशवीत हे लक्षात येत नसे, कारण लोक ती लगेच उघडून डब्यात ओतत. नागपूरला पोचायला चार दिवस लागत होते.

तुमच्यापैकी कुणाला गेल्या पावसाळ्यात अशी पिशवी मिळाली असेल आणि तुम्ही भिडेखातर बोलला नसाल, तर आता सांगा. बदलून देऊ.

मग मी जुन्या पार्सलांचा माग काढून वेळा वाचत बसले. हे आधीच करायला हवं होतं. पिशवी आमच्या दारातून उचलल्याची नोंद दुपारी सव्वाएकची, आणि वाईतून गाडी निघाल्याची नोंद रात्री साडेआठची. एक पार्सल नाही, वीसच्या वीस तशीच. म्हणजे ज्या घाईसाठी आम्ही पीठ कोमट भरत होतो, त्या घाईचा तुम्हाला एका तासाचाही फायदा होत नव्हता. सात तास माल वाईतच पडून होता. संध्याकाळी उचलाल का, असं विचारलं. फेरी बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यांच्या बाजूने ते बरोबरही असेल, आमच्या वीस-पंचवीस पिशव्यांसाठी कोण फेरी बदलणार. तेव्हापासून आजपर्यंत आम्ही आदल्या दिवशी दळून, रात्रभर गार करून, दुसऱ्या दिवशी भरतोय. भाजणी चांगली जाते, पण तुम्हाला एक दिवस उशिरा मिळते.

पोस्टाचा विचार आमच्या मनात २०२० पासून होता. टाळेबंदीत कुरिअर बंद होता तेव्हा पोस्ट चालू होतं, आणि एकट्या राहणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांना मेतकूट त्यानेच पोचलं. शिवाय पाटण तालुक्यातल्या वाड्यांवर कुरिअर जात नसे, ‘गावात येऊन घेऊन जा’ असा फोन जायचा. पोस्टमन तिथे जातो. नोव्हेंबरमध्ये आम्ही नात्यातल्या आणि ओळखीच्या बारा जणांना स्पीड पोस्टाने पिशव्या पाठवून पाहिल्या. बोरिवलीला दुसऱ्या दिवशी, मडगावला तिसऱ्या, नागपूरला चौथ्या. पाटणजवळच्या वाडीवर तिसऱ्या दिवशी, आणि थेट दारात. मुंबई-पुण्याच्या शहरी पत्त्यांना जुना कुरिअर कधी कधी रविवारीही माल द्यायचा, ते आता होणार नाही. हा तोटा आहे, आणि तो मान्य करूनच आम्ही ठरवलं.

नवी वेळ सोमवार ते शुक्रवार, दुपारी चार. सकाळी दळलेलं पीठ अडीचपर्यंत पूर्ण गार होतं, साडेतीनपर्यंत पिशव्या भरून, वजन करून, चिठ्ठ्या लावून होतात. आदल्या संध्याकाळी सहाच्या आत ऑर्डर आली की तिची भाजणी दुसऱ्या दिवशी दळली जाईल आणि त्याच दिवशी निघेल. शनिवारी आम्ही माल देणार नाही. शनिवारी दिलेली पिशवी रविवारभर कुठेतरी थैलीत बसून राहणार, त्यापेक्षा सोमवारी ताजी दळलेली जाऊ दे. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सहानंतर ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत आलेल्या ऑर्डरी सोमवारी निघतील.

आता माग कसा काढायचा ते. माल निघाला की संध्याकाळी सातच्या आत आमच्या नेहमीच्या व्हॉट्सअॅप नंबरवरून तुम्हाला तेरा अक्षरांचा एक नंबर येईल. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी IN. दिसायला असा:

```
EM473124829IN
```

(हा फक्त नमुना आहे, तुमचा नंबर वेगळा असेल.) सोबत एकच लिंक असेल, `www.indiapost.gov.in`. ती उघडून मागाच्या चौकटीत नंबर मोकळी जागा न सोडता टाकायचा. नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, आकडा चुकला तर ते पकडता यावं म्हणून. त्यामुळे नंबर चालला नाही तर पार्सल हरवलं असं समजू नका, आधी आकडे पुन्हा ताडून पाहा. शक्यतो टाइप न करता मेसेजमधून कॉपी करा.

पडद्यावर आधी Item Booked दिसेल, मग Item Bagged. त्यानंतर काही वेळा दिवसभर, कधी दीड दिवस, काहीच बदलत नाही. चाचणीत माझ्या नणंदेने याच टप्प्यावर मला तीनदा फोन केला. घडतं असं की तुमची पिशवी इतर पार्सलांबरोबर एका मोठ्या थैलीत बंद होते, आणि वाटेत नोंद त्या थैलीची होते. थैली पुढच्या केंद्रात फुटली की तुमचा नंबर पुन्हा दिसायला लागतो. Out for Delivery आलं की त्या दिवशी घरी कुणीतरी राहा. कामाचे तीन पूर्ण दिवस काहीच हललं नाही तर मात्र आम्हाला कळवा, पोस्टात चौकशी आम्ही करू.

एक गोष्ट फार मनापासून सांगते, विशेषतः आमच्या वयस्क गिऱ्हाइकांना. पोस्टाच्या नावाने खोटे मेसेज फिरतात: तुमचं पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे, बारा तासांत या लिंकवर दुरुस्त करा. लिंक उघडली की किरकोळ रक्कम मागतात आणि कार्डाची माहिती काढून घेतात. तुम्ही खरोखरच पार्सलची वाट पाहत असाल तर हा मेसेज खराच वाटतो. आमचे सगळे पैसे ऑर्डर देतानाच घेतलेले असतात, त्यानंतर पोस्ट किंवा आम्ही एक रुपयाही मागणार नाही. पत्त्यात काही अडलं तर आम्ही स्वतः फोन करू. स्पीड पोस्टात आता ओटीपी सांगून माल ताब्यात घेण्याची सोय आहे, ती आम्ही घेतली आहे. तो ओटीपी दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पोस्टमनलाच सांगायचा. फोनवर कुणी मागितला, अगदी आमचं नाव सांगून मागितला, तरी द्यायचा नाही.

त्यासाठी तुमचा मोबाइल नंबर आमच्याकडे बरोबर असायला हवा, आणि पिनकोडही. कुरिअरचा मुलगा पत्ता सापडला नाही की फोन करायचा, त्यामुळे आमच्या वहीत चुकीचे पिनकोड वर्षानुवर्षं तसेच राहिले. पोस्टात थैली पिनकोडावरून ठरते. वडगाव नावाची गावं किती आहेत पाहा, पिन चुकला की पिशवी भलत्याच वडगावला जाऊन परत येणार. पुढच्या आठवडाभरात आम्ही प्रत्येकाला त्याचा नोंदवलेला पत्ता पाठवतोय. मुलाचा फोन नंबर दिला असेल आणि घरी तुम्ही एकट्याच असाल, तर तोही बदलून घ्या. उत्तर आलं नाही तर सूनबाई फोन करेल, सकाळी अकरा ते एक या वेळात. पीठ गार होत असतं, तेव्हा तिला तेवढी सवड असते.