हातात काम असताना आलेलं टेंडर

«सोसायटीच्या रिपेअरिंगचं टेंडर भरायला बोलावलंय, पण हातात आधीच कामं आहेत. सरळ नाही म्हटलं तर पुढे बोलावतील का? की चढा रेट टाकून मोकळं व्हावं?»

चढा रेट टाकू नका. सरळ नाही म्हणा, लवकर म्हणा आणि लेखी म्हणा.

चढ्या रेटचा पहिला धोका म्हणजे काम खरंच गळ्यात पडू शकतं. पाच जणांना बोलावलेलं असतं, दोघे भरतच नाहीत, दोघे तांत्रिक लिफाफ्यात बाद होतात आणि दराचा लिफाफा तुमचा एकट्याचा उघडतो. कमिटीला पावसाळ्याआधी काम उरकायचं असतं, त्यामुळे थोडी घासाघीस करून तुम्हालाच वर्क ऑर्डर मिळते. आता माघार घेतली तर बयाणा रक्कम जप्त होते. दुसरं असं, की कन्सल्टंटचा तुलनात्मक तक्ता फाइलमध्ये राहतो. तुमचा आकडा त्याच्या अंदाजपत्रकाच्या दीडपट दिसला की पुढच्या वेळी तो तुम्हाला महागडे म्हणूनच धरतो. कामाच्या गर्दीमुळे तसा दर टाकला होता, हे तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. आणि दुसऱ्या ठेकेदाराशी बोलून त्याच्या सोयीसाठी चढा दर टाकलात, तर ती २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली येणारी संगनमताची बोली होते. भुर्दंड सोसायटीतल्या प्रत्येक घराला पडतो तो वेगळाच.

पण आधी खरोखर क्षमता नाही ना, हे कागदावर मांडून बघा. सरकारी निविदांमध्ये बोली क्षमतेचं जे सूत्र असतं, ते खासगी कामालाही चांगलं लागू पडतं:

```
(A × N × 2) − B
```

A म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षात केलेलं काम, N म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत, आणि B म्हणजे त्याच मुदतीत हातातली जी कामं पूर्ण करायची आहेत त्यांची किंमत. गुणक काही ठिकाणी २ असतो, काही ठिकाणी दीड.

समजा ठाण्यातल्या एका सोसायटीचं काम १.१० कोटींचं आहे आणि मुदत आठ महिने, म्हणजे नोव्हेंबर ते जून. तुमचं सर्वांत चांगलं वर्ष १.८० कोटींचं. हातात वाशीचं ५५ लाखांचं, कळव्याचं ४८ लाखांचं आणि ऐरोलीचं ३२ लाखांचं काम शिल्लक, एकूण १.३५ कोटी. सूत्राप्रमाणे १.८० गुणिले दोन तृतीयांश गुणिले २ म्हणजे २.४० कोटी. त्यातून १.३५ गेले, उरले १.०५ कोटी. पाचच लाख कमी पडतात, आणि इथेच माणूस फसतो. एवढं जमवू, असं वाटतं.

जमत नाही, कारण रिपेअरिंगच्या कामात B वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेला असतो तेवढा कधीच राहत नाही. निविदेतली परिमाणं जमिनीवरून आणि गच्चीवरून बघून काढलेली असतात. परांची चढल्यावर हातोडीने प्रत्येक कॉलम, बीम, छज्जा ठोकून बघितला जातो आणि पोकळ आवाज येणारी जागा तेव्हा कळते. मग फोडकाम वाढतं, स्टील बदलणं वाढतं. वीस टक्के वाढ धरली तर हातातलं काम १.६२ कोटींवर जातं आणि शिल्लक क्षमता ७८ लाखांवर येते. दीडचा गुणक लावला तर उरतात जेमतेम १८ लाख. १.१० कोटींच्या कामाला हो म्हणण्यासारखं यात काहीच नाही.

शिवाय पैशाच्या हिशोबात न दिसणारी मर्यादा म्हणजे जाणकार मुकादम. पॉलिमर मॉर्टरचं काम बघा. सळईच्या मागेही मॉर्टर जाईल इतकं काँक्रीट फोडायचं, गंज घासून सळई स्वच्छ करायची, तिला गंजरोधक कोट द्यायचा, मग बाँड कोट लावायचा आणि तो बोटाला चिकट लागतोय तोवरच मॉर्टर दाबून भरायचं, एका थरात साधारण १० ते १२ मिलिमीटर. बाँड कोट सुकल्यावर मॉर्टर मारलं तर पकड येण्याऐवजी मधे एक निसरडी फिल्म राहते. वरून काम गुळगुळीत दिसतं, पण काही महिन्यांनी ठोकलं की तोच पोकळ आवाज. हे थांबवायला परांचीवर माणूस उभा लागतो. दोन मुकादम चार इमारतींवर फिरवले की नेमका बाँड कोट लावायच्या वेळी तो दुसऱ्या साइटवर असतो. गवंडी नाक्यावरून वाढवता येतात, हा माणूस तिथे मिळत नाही. त्यात आपल्याकडे बाहेरचं प्लास्टर आणि रंग उरकायला ऑक्टोबर ते मे एवढाच काळ, त्यामुळे सगळ्या सोसायट्यांची घाई एकाच वेळी असते. एक साइट रेंगाळली की चारही पावसात जातात, आणि दर आठवड्याला अर्धा टक्का दंडाची अट असेल तर तोही चारही बिलांतून कापला जातो.

नकार कळवायचा तो साइट व्हिजिट किंवा प्री-बिड मीटिंगच्या आधी, आमंत्रण आल्यापासून दोन-तीन दिवसांत. म्हणजे कमिटीला तुमच्या जागी दुसऱ्याला बोलवायला वेळ राहतो. सेक्रेटरींना आधी फोन करा, मग मेल किंवा पत्र, प्रत कन्सल्टंटला. मजकूर एवढा पुरतो:

«मा. सचिव, आपल्या इमारतीच्या दुरुस्तीच्या निविदेसाठी आम्हाला बोलावल्याबद्दल आभारी आहोत. सध्या हाती घेतलेली कामं जूनअखेरपर्यंत चालणार असल्याने आपल्या कामाला पुरेशी देखरेख देता येणार नाही, म्हणून या निविदेत आम्ही भाग घेत नाही. निविदेची कागदपत्रं सोबत परत करत आहोत. ऑक्टोबरपासूनच्या कामांसाठी आमचा जरूर विचार करावा.»

यात दर नको, अंदाजे आकडाही नको, कारण तो बोलणीत वापरला जातो. इतर ग्राहकांची नावं नकोत. «तारीख वाढवलीत तर बघू» हेही नको. कमिटी खरंच वाढवते, आणि मग तुम्ही शब्दात अडकता. मोकळं होण्याचा महिना मात्र नक्की लिहा. पुढच्या यादीत नाव राहतं ते त्या एका वाक्यामुळे.

महापालिकेच्या किंवा कंपनीच्या पॅनेलवर असाल तर अटी वाचा. सलग काही वेळा उत्तर न देणाऱ्याचं नाव काढण्याची तरतूद असू शकते, तिथे लेखी नकार आणि त्याची पोच जपून ठेवा. पोर्टलवरच्या खुल्या निविदेला नकार कळवावा लागत नाही, भरली नाही की झालं. भरून बसला असाल तर मुदत संपण्याआधी बोली मागे घेता येते, पण महाटेंडर्सवर एकदा मागे घेतलेली बोली त्याच निविदेसाठी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे बटण दाबण्याआधी पक्कं ठरवा.

पत्र गेल्यावरही एक फोन हमखास येतो: «तीन कोटेशनं दाखवावी लागतात, साहेब, नावापुरतं भरा.» तेव्हा सांगा, की आमचं नकाराचं पत्र फाइलला लावा, सभेत विचारलं तर बोलावल्याचा पुरावा तोच आहे. संख्या कमी पडत असेल तर कमिटीने मुदत आठवडाभर वाढवून आणखी दोघांना बोलवावं.